‘टाकलाच आहे’वाले

दारात पाहुणा उभा राहिला की यजमानांच्या दोन जाती लगेच ओळखू येतात. एक विचारते, “चहा घेणार का?” दुसरी विचारायच्या भानगडीतच पडत नाही. “या या, आज इकडे कशी वाट चुकलात? चपला राहू द्या हो, फरशी पुसायचीच आहे,” असं म्हणत हा दुसऱ्या जातीचा गृहस्थ सोफ्यावरचे पेपर गोळा करतो, टीव्हीचा आवाज बंद करतो (टीव्ही नाही, स्कोअर दिसला पाहिजे), पंखा पाचावर नेतो आणि पाहुणा टेकायच्या आत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, “अगं, कोण आलंय बघ!” या वाक्यात चहाचं नावही नाही, पण आत पातेलं वाजतं. पाहुण्यानं “नको, नको” म्हणत हात वर केलाच, तर उत्तर तयार असतं : “टाकलाच आहे.” बहुतेक वेळा तो टाकलेला नसतो. तरीही माझ्या मते पाहुणचारातलं सगळ्यात सभ्य वाक्य हेच.

कारण आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, रीत असते. “चहा घेणार का?” या प्रश्नाला एकदम “हो” म्हणणारा माणूस हावरट ठरतो, आणि “नको” म्हणणारा कोरड्या घशानं उठतो. म्हणजे विचारणाऱ्यानं आपल्या अंगावरचं ओझं पाहुण्याच्या अंगावर ढकललेलं असतं. ‘टाकलाच आहे’वाला ते ढकलत नाही. तो आधी पाणी आणतो आणि “माठातलं देऊ की फ्रिजचं?” एवढंच विचारतो, हा प्रश्न निर्धोक, कारण दोन्हीपैकी काहीही मागितलं तरी अब्रू जात नाही. पाणी पिऊन होईस्तोवर ऊन, पाऊस, रिक्षावाले आणि गुडघे हे विषय उरकतात. मग आलं ठेचून, उकळून, दोन मिनिटं झाकून चहा येईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. या सगळ्या वेळात हा गृहस्थ “काय काम काढलंत?” असं चुकूनही विचारत नाही. काम आपोआप कपाच्या तळाशी निघतं. नाहीतर निघताना, एक पाय चपलेत घातल्यावर, “अरे हो, मुख्य सांगायचं राहिलंच” म्हणून. मग उंबऱ्यात उभ्यानं अर्धा तास.

यावर कोणी म्हणेल, ही तर जबरदस्ती झाली. साखर बंद असलेल्या माणसानं काय करायचं? आक्षेप रास्त आहे. पण मुरलेल्या यजमानाला खरा आणि रीतीचा नकार वेगळा ओळखता येतो. “कशाला उगाच त्रास,” “आत्ताच घेऊन निघालो,” यात काळजी यजमानाची असते, म्हणून गॅस चालू राहतो. “ॲसिडिटी आहे हो, पाणीच द्या,” यात तक्रार स्वतःच्या पोटाची असते आणि पर्यायही सुचवलेला असतो. तिथे गॅस बंद. लग्नाची पत्रिका वाटत फिरणारं जोडपं घ्या. सकाळपासून सहा घरं झालेली, म्हणजे सहा चहा पोटात, आणि यादीत अजून आठ. “खरंच नको, पोटात जागा नाही,” हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं असतं. कच्चा यजमान इथे सातवा कप भरतो. मुरलेला चमचाभर साखर हातावर ठेवतो, “तोंड गोड करून जा” म्हणतो, आतून हळदीकुंकू येतं, आणि जोडपं पाच मिनिटांत मोकळं होतं. मान राहिला, पोटही राहिलं.

आणि चहाच हवा असाही काही सनातन नियम नाही. आल्यागेल्याला पाय धुवायला पाणी आणि मग गूळ-पाणी देण्याची चाल कितीतरी जुनी. चहासाठी मात्र सरकारनं १९०३ साली निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार केला, तेव्हा कुठे तो घरोघरी रुजला. आज तो परंपरेचा आव आणतो, ते असो.

दुसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. “टाकलाच आहे” म्हणतो तो, पण टाकते ती. दूध संपल्याची खूण दाराआडून ती करते, कान तुटलेला कप स्वतःकडे ठेवते, आणि “तुमच्याकडचा चहा म्हणजे काय!” ही शाबासकी सोफ्यावर बसलेला घेतो. म्हणून माझा ‘सभ्य’ हा शेरा त्या गृहस्थाला लागू आहे, पण एका अटीवर : आल्याचा तुकडा घरात कुठे असतो हे त्याला न विचारता सांगता आलं पाहिजे. ज्याला येत नाही, त्यानं पाणी द्यावं, गप्पा माराव्यात आणि चहाविषयी बोलू नये.