तळमजल्याची लिफ्ट आणि तुळशीचं पार्किंग

आमच्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल नोटीस बोर्डावरच्या पाट्यांपेक्षा जास्त बारकाईने वाचलं जातं. या महिन्यात त्यात दोन नव्या ओळी उगवल्या. 'जनरेटर बॅकअप ३५०' आणि 'पार्किंग २००'. सदनिका चाळीस, ओळी चाळिसांच्याही बिलात. संध्याकाळी सहापर्यंत सोसायटी ऑफिससमोर इतकी गर्दी जमली की पाण्याचा टँकर आलाय असं वाटून चौघी बादल्या घेऊन खाली उतरल्या.

पहिली हरकत अर्थातच तळमजल्यावरच्या काकांची. "मी लिफ्टने जातो कुठे? वॉचमनकडे? मग लिफ्टसाठी जाळलेल्या डिझेलचे पैसे मी का द्यायचे?"

काकांचा युक्तिवाद तसा बिनतोड आहे, फक्त चुकीचा आहे. राज्याच्या आदर्श उपविधींत लिफ्टचा खर्च, तिच्या चालवण्याचा धरून, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो. वापर करा किंवा करू नका. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप यांची सामाईक वीजही सेवाशुल्कात येते आणि सेवाशुल्काला सदनिकांच्या संख्येने भागायचं असतं. जनरेटर हे पुरवत असेल तेवढ्यापुरतं काकांचं घर आणि सातव्या मजल्यावरचं घर सारखंच. काकांनी हे ऐकून घेतलं आणि त्याच दिवसापासून पेपर वाचायला लिफ्टमध्ये बसायचं ठरवलं.

पण जनरेटरची वीज लिफ्टपाशी थांबत नाही, हा खरा घोळ. आमच्याकडे चौदा घरांनी बिल्डरकडून घरातही बॅकअप घेतला आहे. चार दिवे आणि दोन पंखे एवढीच त्याची मर्यादा. त्यावर इंडक्शन लावला की एमसीबी पडतो आणि घरमालक कमिटीच्या नावाने बोटं मोडतो. आता उरलेल्या सव्वीस घरांनी या चौदांचे पंखे का फिरवायचे?

याचं उत्तर पुण्याने २००६ साली दिलं होतं. राज्यभर भारनियमन चालू असताना भोवतालच्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला आणि शहरातले दिवे चालू राहिले. त्या महाग विजेचा फरक शहराच्या बिलात चढला, पण युनिटमागे, आणि कमी वीज वापरणाऱ्यांना तो माफ होता. अख्ख्या शहराला जनरेटर बॅकअपचं बिल लावताना जे सुचलं, ते चाळीस सदनिकांच्या खजिनदाराला सुचू नये? घरात गेलेली वीज मोजायला ड्युअल सोर्स मीटर मिळतो; महावितरणचे युनिट वेगळे दाखवतो, जनरेटरचे वेगळे. योगायोगाने आमच्या चौदा घरांत तो बसवलेला आहे. त्याचं रीडिंग मात्र कोणी घेत नाही, कारण रीडिंग घ्यायला सातव्या मजल्यापर्यंत जावं लागतं आणि लिफ्टमध्ये काका बसलेले असतात.

शेवटी मीच वही काढली. जनरेटरच्या पॅनेलवर एक छोटा तासमीटर असतो, जनरेटर किती तास चालला ते तो सांगतो. त्याला खोटं बोलता येत नाही. महिन्यात तो सहा तासांनी पुढे सरकला होता. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते ते आलं आणि दर आठवड्याला दहा मिनिटं नुसतंच धडधडवून पाहतात तेही आलं. आमचा साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर अर्ध्याहून कमी भारावर तासाला साधारण सात लिटर पितो. म्हणजे बेचाळीस लिटर, नव्वद रुपयांनी ३,७८० रुपये. लिटरमागे तीन युनिट धरले, तर युनिट तीस रुपयांना पडलं. चौदा घरांच्या मीटरवर मिळून चाळीस युनिट होते. त्यांचे १,२०० रुपये त्यांच्याकडून घ्यायचे. उरले २,५८०. सर्व्हिसिंगच्या वार्षिक कराराचे महिन्याला २,००० त्यात घातले की ४,५८०. भागिले चाळीस, घरटी साधारण ११५.

आणि कमिटीने घेतले चाळीस गुणिले ३५०, म्हणजे १४,०००. खर्च ५,७८० चा. उरलेल्या ८,२२० चं काय?

"नव्या जनरेटरची तजवीज," खजिनदार म्हणाले. विचार उत्तम आहे. पण तजवीज हा निधी झाला, चालू खर्च नव्हे; त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि बिलात तो स्वतःच्या नावाने दिसावा लागतो. डिझेलच्या नावाने साठवलेला पैसा पुढे डिझेलसारखाच उडतो.

पार्किंगची ओळ याहून सोपी आणि म्हणून जास्त भांडणाची. जागा सव्वीस, वसुली चाळिसांकडून. "पार्किंगमधला दिवा सगळ्यांनाच दिसतो ना!" असं सेक्रेटरींचं म्हणणं. उपविधी असं म्हणत नाहीत. पार्किंग शुल्क ज्याला जागा दिली आहे त्याने द्यायचं, तिथे गाडी लावो वा न लावो. दोन जागा असतील तर दोन्हींचं. आणि दर ठरवणार सर्वसाधारण सभा, कमिटीची चहा-बैठक नव्हे. स्कूटरवाल्याला परवानगी आणि सभेने ठरवलेला त्याचा दर. ज्याला जागाच नाही, त्याला ही ओळ लावताच येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मागच्या वर्षी गाडी विकली आणि त्या जागेत तुळशीवृंदावन मांडलं. "तुळशीला पार्किंग चार्ज?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडले. कायद्याने मात्र तुळस देणं लागते. पाचव्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, "मी स्टिल्ट बिल्डरकडून विकत घेतलाय, मला शुल्क कसलं?" त्यांना कोणीतरी दहिसरच्या पांचाली सोसायटीची आठवण करून दिली. तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की मोफा कायद्याखाली स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. साहेब तेव्हापासून बिल्डरला फोन लावतायत.

इथे एक पुणेरी पाचर आहे. हे सगळं सहकारी सोसायटीचं झालं. पुण्यात फाटकावर 'सोसायटी' लिहिलेली कितीतरी संकुलं कागदावर अपार्टमेंट म्हणजे काँडोमिनियम असतात, आणि १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्च सारखा नव्हे, तर प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. पुण्यातल्याच ट्रेझर पार्कच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच उचलून धरलं. मोठा फ्लॅट, मोठा वाटा. तेव्हा भांडायला जाण्याआधी कपाटातला दस्त काढून तो सेल डीड आहे की डीड ऑफ अपार्टमेंट, हे बघावं. चुकीच्या कायद्याने जिंकलेलं भांडण जिन्यात ऐकायला छान वाटतं, एवढंच.

आम्ही सोसायटीच निघालो. सभेचं इतिवृत्त आणि ठरावाची प्रत लेखी मागितली, बिल 'हरकत नोंदवून' भरलं. न भरता अडून बसलो असतो तर थकबाकीवर व्याज लावायची सोय उपविधींत आहे आणि आमचे खजिनदार ती सोय विसरणारे नव्हेत.

ठराव नव्हताच. पंधरा दिवसांनी सुधारित बिल आलं. पार्किंग फक्त सव्वीस जणांना; त्यात तुळसही होती. जनरेटर बॅकअप ११५. काकांनी चष्मा पुसून खालची ओळ वाचली : 'किरकोळ २३५'.