पूर पाहिलेली सासू

सांगलीच्या गावभागात सासवांचे दोन प्रकार असतात: पूर पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या. दुसऱ्या प्रकाराला पावसाळ्यात कुणी विचारत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या प्रकारातल्या, त्यातही ज्येष्ठ. "2005 ला पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला शिवलं आणि मागं फिरलं," हे त्या अशा थाटात सांगत, की मागं फिरायला कृष्णामाईला यांनीच फर्मावलं असावं.

सूनबाई बँकेत नोकरीला. काकूंच्या मते ती घरात कमी आणि मोबाईलमध्ये जास्त राही. सुनेचं काकूंबद्दलचं मत मात्र तिच्या तोंडून कधी ऐकू आलं नाही. ते भांडी घासण्याच्या आवाजावरून आम्हाला वर कळे.

ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा सगळी सांगली फुटांत बोलत होती. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. सून म्हणाली, "आई, कोयनेचा विसर्ग वाढवलाय. ते पाणी इथं यायला दिवसभर लागतं. म्हणजे आज दिसतंय ते कालचं आहे, उद्याचं अजून यायचंय. सामान वर नेऊया."

काकूंनी भिंतीवरची 2005 ची खूण दाखवली. "याच्या वर येत नाही."

"नदीला ठाऊक आहे का ती खूण?"

घरात इतकी शांतता पसरली, की आम्ही वर टीव्ही बंद केला.

संध्याकाळी पाणी आलं, पण दारातून आलं नाही. काकू उंबऱ्यावर पहारा देत बसल्या होत्या आणि ते मागच्या बाजूला मोरीतून, संडासातून बुडबुडत वर आलं. पुराचं पाणी आधी गटारातून उलटं येतं, हे सुनेला माहीत नव्हतं. काकूंना होतं, पण पायरीच्या अभिमानात त्या विसरल्या होत्या. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग काकूंनी पदर खोचला आणि रेतीची पिशवी मोरीच्या तोंडावर दाबली. "थोपणार नाही, पण तासभर मिळेल. चल."

त्या तासात जे झालं ते आमच्या जिन्यानं पाहिलं. सून टीव्ही उचलायला गेली तर काकू ओरडल्या, "आधी गाद्या! टीव्ही भिजला तर फेकता येतो, भिजलेली गादी चौघांना हलत नाही." सून परतली ती गादी घेऊनच. मग धान्य, कागदपत्रं, लोणच्याच्या बरण्या. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि घरभर ठोकरा देत फिरतो, म्हणून काकूंनी तो खिडकीच्या गजाला बांधायला लावला. सुनेनं मेन स्विच बंद केला. नळ अजून चालू होता, तोवर तिनं आमच्या घरातले डबे, बादल्या, कुकरसुद्धा पिण्याच्या पाण्यानं भरून ठेवले. काकूंना हे सुचलं नव्हतं. त्यांनी कुकरकडे पाहिलं, मान हलवली, आणि कौतुक नको म्हणून लगेच झाकण नीट बसलं नाही, असं सुनावलं.

या धामधुमीत चिरंजीवांनी काय वाचवलं? व्यायामाची डंबेल्स. दोन खेपा करून.

आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 ची खूण बुडाली तेव्हा काकू आमच्या खिडकीत होत्या. काही बोलल्या नाहीत. फक्त सुनेला पहिल्यांदाच विचारलं, "कोयनेचं काय म्हणतायत?"

पुढचे दिवस वीज नव्हती, नळ नव्हता, आणि आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती. ते सोडून देतो. खरी कसोटी पाणी उतरताना लागली. सुनेचं म्हणणं, पूर्ण उतरू दे, वाळू दे, मग माणसं लावून साफ करू. काकू गुडघाभर पाण्यात खराटा घेऊन उतरल्याच. "उतरत्या पाण्याबरोबर गाळ ढकलायचा. भिंतीवर तेच पाणी मारत खाली यायचं. एकदा वाळला की कुदळ लागते." सुनेनं सलवार वर खोचली आणि शेजारी उभी राहिली. आमच्या समोरच्या घरानं वाळायची वाट पाहिली. दिवाळीपर्यंत त्यांच्या फरशीच्या सांध्यांतून नदी निघत होती.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा काकूंनी नुकसान सांगायला तोंड उघडलं आणि 2005 पासून सुरुवात केली. सुनेनं हळूच मोबाईल पुढे केला: पाणी यायच्या आधी काढलेला प्रत्येक खोलीचा फोटो, कपाटं उघडी ठेवून. काकू गप्प झाल्या. तलाठी गेल्यावर म्हणाल्या, "माझं कपाट उघडून फोटो काढलास?"

"हो."

"बरं केलंस. पण विचारायचं."

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढू लागलं. या खेपेला इशाऱ्याच्या आधीच फ्रिजवर यादी लागली: काकूंनी सांगितलेली, सुनेनं लिहिलेली. गाद्या, धान्य, कागद, सिलिंडर बांधणे, मोरी बंद करणे, फोटो. डंबेल्स यादीत नव्हती. चिरंजीवांनी विचारलं तेव्हा सासू-सुना एकदमच म्हणाल्या, "ती तरंगत नाहीत. राहू देत."