भेटायचं कधी? नागावकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ॲपवर मॅच झाली, "हाय" झालं, "जेवलीस का?" हेही दोनदा विचारून झालं. पुढे काय, असा प्रश्न ज्यांना पडला आहे आणि ज्यांचं माणूस खाडीपलीकडे मुंबई-ठाण्यात आहे, अशा नागावकरांसाठी या सूचना आहेत. अनुभवी मंडळींनी वाचू नयेत. ती तशीही कुणाचं ऐकत नाहीत.

सूचना १ : मुदत ठरवा
मुदत तीन आठवडे. हा आकडा गुरुजींनी काढलेला नाही. 2015 साली आर्टेमियो रामिरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ऑनलाइन जुळलेल्या लोकांचा अभ्यास केला. लवकर भेटलेल्यांना समोरचा माणूस बरा वाटला, फार लांबवणाऱ्यांचा विरस झाला. पारडं फिरलं ते साधारण 17 ते 23 दिवसांच्या दरम्यान. कारण सोपं आहे. मेसेजमध्ये माणूस विचार करून, खोडून, पुन्हा लिहून उत्तर देतो. जे तो सांगत नाही ते आपण आपल्या आवडीने भरून घेतो. महिनाभरात तयार होतो तो आपणच रचलेला माणूस. मग खरा माणूस मांडव्याला बोटीतून उतरतो आणि बिचाऱ्याला स्वतःच्याच प्रतिमेशी स्पर्धा करावी लागते.
हा अभ्यास पहिल्या भेटीत माणूस कसा वाटला यापुरताच आहे. लग्न टिकेल का, हे त्यातून कळत नाही.

सूचना २ : पहिले दोन आठवडे
पहिला आठवडा मेसेजचा. दुसऱ्या आठवड्यात एक फोन आणि एक व्हिडिओ कॉल. नागावात यासाठी वाडीच्या मागचा बांध बरा, ओटीवर बसलात तर आजी कॅमेऱ्यात डोकावून "कुणाचा रे हा?" विचारतेच. व्हिडिओ कॉलला दोनदा "कॅमेरा बिघडलाय" असं उत्तर आलं, तर कॅमेरा नव्हे, प्रोफाइल बिघडलेलं आहे. भेटीआधी पैसे मागितले, मग कारण आईचं ऑपरेशन असो की कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा. लाज नंतर वाटू द्या.

सूचना ३ : तारीख उलटी मोजा
समजा, मुलगी नागावची, घरचं होमस्टे सांभाळणारी. मुलगा ठाण्याचा, शनिवार-रविवार मोकळा. मॅच झाली 10 मे रोजी. सतरावा दिवस येतो 26 मे, तेविसावा 1 जून. आता अडचणी पाहा. मे महिन्यात शनिवार-रविवार नागाव पाहुण्यांनी भरलेलं; ती खोल्यांच्या चाव्या आणि सोलकढीचे ग्लास यांतून मान वर काढणार नाही. आणि मेअखेरीस पावसाळ्यासाठी गेटवे-मांडवा बोटी बंद होतात, त्या साधारण सप्टेंबरपर्यंत. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो चालते, पण तीही हवामानाच्या मर्जीवर. उरला वडखळचा रस्ता, त्यावर कुणाचंही प्रेम टिकलेलं नाही.
म्हणून 20 ते 25 मे दरम्यानचा मधला वार पकडा. मुलाने एक रजा टाकावी. "पाऊस संपला की बघू" म्हणालात, तर तीन आठवड्यांचे चार महिने होतात. रजेचा अर्ज पडत नसेल, तर प्रेमाची तीव्रताही समजली.

सूचना ४ : जागा निवडा
नागावचा किनारा टाळा. घोडेवाला चुलता, भेळवाला शेजारी, बनाना राइडवाला शाळासोबती. तुम्ही सुरुच्या बनातून बाहेर येण्याआधी बातमी घरी पोहोचते. मिनीडोर धरून अलिबागला जा, एसटी स्टँडजवळच्या गर्दीच्या हॉटेलात चहा घ्या. जागा दोघांनी मिळून ठरवावी. समोरचा एकाच महागड्या ठिकाणाचा हट्ट धरत असेल तर बिलाचा संशय घ्या. कुठे जाताय ते एका मैत्रिणीला सांगून ठेवा. भेट दीड तासाची. परतीची बोट वेळेवर गाठायची असते, हे निघण्याचं कारण दोन्ही पक्षांना मान्य असतं.
कुलाबा किल्ल्यात पहिल्याच भेटीत जाऊ नका. ओहोटीला चालत जाता येतं खरं, पण भरती लागली की अडकाल, आणि नावडत्या माणसाबरोबर पुढची ओहोटी फार उशिरा येते.

सूचना ५ : मुदत उलटल्याची लक्षणं
त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची नावं पाठ आहेत, पण तो वेटरशी कसा बोलतो ते माहीत नाही. तारीख दोनदा पुढे गेली आणि तिसरी कुणी सुचवलीच नाही. भांडण झालं, मिटलं, वाढदिवसही साजरा झाला. भेट तेवढी राहिली. अशा वेळी सरळ विचारा: "या आठवड्यात की नाही?" माणूस दुबईत किंवा बोटीवर नोकरीला असेल, तर तो येण्याची तारीख विचारा आणि तोवर व्हिडिओ कॉल चालू ठेवा. मुंबई-ठाण्यातल्या कुणालाही ही सवलत नाही.