पाटी काढली, भाडेकरू आतच

कोकणकन्येनं चिपळूण सोडलं आणि माझा फोन बोंबलू लागला. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली होती, डेटाबेस नवी ओळ लिहून घ्यायला तयार नव्हता.

हे व्हायला नको होतं, कारण संध्याकाळीच मी ३८ जीबीची एक लॉग फाइल `rm` करून ऐटीत दादरला गाडी पकडली होती. जागा सुटली का, हे मात्र पाहिलं नव्हतं. गाडी चुकली असती ना!

फोन रुमालानं खिडकीच्या गजाला बांधला, हॉटस्पॉट लावला. रेंजची एकच दांडी. अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत एखादा पूल ओलांडून व्हावा. `df` म्हणालं, पन्नासच्या पन्नास जीबी भरलेत. `du` म्हणालं, छे, बाराच. अडतीसचा फरक. माझेच अडतीस!

"काय रे, झोप नाही?" समोरच्या बर्थवरचे काका उठून बसले.

"फाइल पुसली काका, पण जागा सुटत नाही."

"म्हणजे?"

"पुसल्यावर नुसतं नाव जातं. जो प्रोग्रॅम ती उघडून बसलाय, तो सोडेपर्यंत जागा अडलेलीच."

काका सावरून बसले. "म्हणजे दारावरची पाटी काढली, पण भाडेकरू आतच! आमच्या गिरगावच्या खोलीत सोळा वर्षं तेच चाललंय."

इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. पाटी नसलेले भाडेकरू शोधायला `lsof +L1` दिलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर! जोडणी तुटली. पण सर्व्हरवर शिरल्याशिरल्या `tmux` चालू केलं होतं, एवढी एक अक्कल दाखवली होती. त्यातलं काम सर्व्हरवरच चालू राहतं, आपण बोगद्यात असलो तरी.

बाहेर आल्यावर `tmux attach` केलं. उत्तर वाट पाहत होतं: प्रोसेस २२१४, डिस्क्रिप्टर ३, शेजारी `(deleted)`.

"आता हाकला त्याला," काका म्हणाले.

हाकलणं, म्हणजे रीस्टार्ट, सोपं होतं. पण त्याच्या मेमरीत लोकांची अर्धवट कामं होती, ती गेली असती. म्हणून भाडेकरू तसाच ठेवून खोलीतलं सामान तेवढं बाहेर काढलं:

```
: > /proc/2214/fd/3
```

एंटर दाबण्याआधी आकडे तीनदा वाचले. तीनाच्या जागी चार पडला असता, तर कुणाचं सामान रस्त्यावर आलं असतं देव जाणे. दाबलं. पडदा ढिम्म. भोके स्टेशन गेलं. मग `df` उमटलं: २४ टक्के. डेटाबेस निमूट कामाला लागला. रीस्टार्ट मी सकाळी गर्दी नसताना करायचं ठरवलं.

रत्नागिरीला काकांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला आणि खिशातून कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी काढली.

"तुझं झालं. आता आमच्या खोलीला कुठला आकडा टाकायचा, ते सांग."