मुदत संपल्यावर काय करू?

नेटबँकिंगमधून एफडी काढताना पहिले रकाने माणूस डोळे झाकून भरतो. किती पैसे? दोन लाख. किती काळ? एक वर्ष. व्याज दरमहा हवं की शेवटी एकदम? पेन्शनीत गेलेले दरमहा म्हणतात, बाकीचे शेवटी. मग बँक दोन असे प्रश्न विचारते की माऊसवरचा हात थबकतो. मुदत संपल्यावर काय करू? आणि तुम्हीच संपलात तर काय करू?

पहिल्या प्रश्नाखाली सहसा तीन उत्तरं असतात. मुद्दल-व्याज दोन्ही पुन्हा गुंतवा, मुद्दल तेवढी पुन्हा गुंतवून व्याज खात्यात टाका, किंवा सगळंच खात्यात टाका. बऱ्याच बँकांत पहिल्यावर आधीच खूण केलेली असते. आपण आळशी आहोत हे बँकेला आपल्या बायकोइतकंच नीट ठाऊक असतं.

साडेसहा टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, आपल्या दोन लाखांचे वर्षाअखेर २,१३,३२० रुपये होतात. पहिला पर्याय तसाच राहू दिला, तर ही सगळी रक्कम आणखी वर्षभरासाठी आत जाते, आणि दर लागतो तो त्या दिवशी चालू असलेला. वर्षभरापूर्वीचे साडेसहा तेव्हा सहा झाले असतील, तर सहा. पुढच्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी आली की ठेव मोडावी लागते. मोडलेल्या ठेवीला ती जितके दिवस राहिली तेवढ्या मुदतीचाच दर मिळतो, आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापून घेतात.

म्हणून खर्च ठरलेला असेल, तर तिसरा पर्याय. पैसे मुकाट्याने बचत खात्यात येतात. फक्त तिथे ते फार दिवस मुकाट्याने बसत नाहीत, त्यांचा फ्रीज होतो. मला स्वतःला मधला पर्याय आवडतो. मुद्दल जागची हलत नाही, आणि वर्षातून एकदा तेरा हजारांचा मेसेज आला की आपली एक ठेव आहे याची आठवण होते.

काही जुन्या ठेवींना यातली कुठलीच सूचना दिलेली नसते. मुदत संपून त्या नुसत्याच पडून राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार अशा पडून राहिलेल्या रकमेला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी तो मिळतो. बचतीचा दर अडीच टक्के धरला, तर आपल्या रकमेवर सहा महिन्यांचे सुमारे २,७०० रुपये. साडेसहाने ते ६,९०० च्या पुढे गेले असते.

आता दुसरा प्रश्न. इथे एक सोयीचा चौकोन असतो : बचत खात्याचाच नॉमिनी ठेवायचा का? तो चौकोन टिचकवण्याआधी बचत खात्याचा नॉमिनी कोण आहे ते बघावं. पहिल्या नोकरीत पगारासाठी काढलेल्या खात्यावर वडिलांचं नाव असतं, वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात, आणि नवी ठेव इमानेइतबारे त्यांच्याच नावे लागते. उलटंही होतं. बचत खात्यावरचं नाव बदललं म्हणून आधीच्या ठेवींवरचं बदलत नाही. प्रत्येक ठेवीचं नामनिर्देशन वेगळं.

नाव लहान मुलाचं घातलं, की जन्मतारीख भरताच पालकाचा रकाना उघडतो. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. आणि नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. एकामागून एक लावले, तर पहिला हयात नसेल तेव्हाच दुसऱ्याचा नंबर. एकत्र लावले, तर प्रत्येकापुढे टक्के घालायचे आणि बेरीज शंभर भरायची. हे टक्के रात्री जेवणानंतर, घरचे मागून डोकावत असताना भरू नयेत.

“मला साठ?” आमच्या सौ. म्हणाल्या. “आणि चाळीस?”

“आईला.”

“बरं,” त्या म्हणाल्या. हे ‘बरं’ मी ओळखतो.

खरं तर भांडायचं कारण नव्हतं. नॉमिनीला बँक पैसे देते आणि स्वतः मोकळी होते. मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हेच सांगितलं आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा माणूस. मी हे सगळं सविस्तर समजावून सांगितलं. “म्हणजे साठही माझे नाहीत,” एवढाच त्याचा अर्थ निघाला.

शेवटी ओटीपीच्या आधी एक लहानसा प्रश्न होता : पावतीवर नॉमिनीचं नाव छापायचं का? ‘नाही’ म्हटलं, तर पावतीवर नामनिर्देशन नोंदवलं आहे एवढंच येतं. पावती पीडीएफमध्ये येते आणि घरात कुणीही उघडू शकतं. मी ‘नाही’ निवडलं.