पहिल्या मात्रेचे वैरी

मामांचं आणि पहिल्या मात्रेचं जमत नाही. लग्नात ते पहिल्या पंगतीला बसत नाहीत. त्यांच्याकडे गेलं तर पहिल्या बेलला दार उघडत नाही, दुसरीला मात्र बेलचा आवाज विरायच्या आत उघडतं. हे योगायोग असतील असं आम्ही मानून चाललो होतो. पण मामांनी गळ्यात बेस गिटार अडकवली आणि समोरच्या चार पोरांना सांगितलं, "पहिल्या मात्रेवर कुणीही काहीही वाजवायचं नाही. ती मोकळी ठेवायची," तेव्हा हे वैर तात्त्विक आहे हे लक्षात आलं.

असे एक मामा प्रत्येक शहरात असतात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेला, मग बँकेत नोकरी, मग गिटार माळ्यावर, आणि निवृत्तीच्या वेळी कुठून तरी जमैकाची एक रेकॉर्ड कानावर पडून झालेली बाधा. या बाधेनंतर माणूस अध्यात्माकडे वळल्यासारखा दिसतो. कमी बोलतो, कमी खातो, आणि इतरांनी कमी वाजवावं म्हणून दिवसभर खपतो. आमचे मामा कोथरूडमधल्या एका तळघरात, तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या जॅमरूममध्ये, दर रविवारी आम्हाला रेगे शिकवतात. मी तिथे ऑर्गन वाजवतो, म्हणजे मामा परवानगी देतात तेवढा.

सुरुवात ड्रमवाल्यापासून होते, कारण सगळ्यात मोठं पाप त्याच्या पायात असतं. आमचा गोट्या लहानपणी तबला शिकलेला, पुढे ढोल पथकात गेलेला. समेवर वजन टाकायचं हे त्याच्या हाडात आहे. केहरवा घ्या, दादरा घ्या, समेवर यायचं आणि मान हलवायची, असेच आपण सगळे वाढलो. रॉकमध्येही बेस ड्रमचा पहिला ठोका एकवरच पडतो. रेगेच्या वन ड्रॉपमध्ये मात्र एक, दोन, तीन, चार असं मोजलं की एकवर काही नाही आणि तीनवर बेस ड्रम आणि स्नेअर एकदम. तोही स्नेअर उघडा बडवायचा नाही. काठी आडवी ठेवून कडेवर 'टक्' करायचं. वर हायहॅट अर्ध्या अर्ध्या मात्रेनं चालू, किंचित डुलत. एवढंच.

गोट्याला हे एका मिनिटात समजलं आणि कित्येक रविवार जमलं नाही. डोकं ऐकायचं, पाय ऐकायचा नाही. तिसरीवर पडायचं ते पडायचंच, पण त्याआधी एकवर एक चोरटा 'धप्' निघायचा. मामांनी शेवटी त्याला खुर्चीवर नुसतं बसवलं आणि पहिल्या मात्रेला श्वास आत घ्यायला लावला. श्वास घेताना पाय दाबला जात नाही, असा त्यांचा सिद्धांत. शास्त्राचं मला माहीत नाही, पण 'धप्' बंद झाला.

बेस ड्रम लांबत होता तर मामांनी त्याच्या पोटात उशी घातली. ठोका थोटका हवा, घुमायला नको, आणि त्यासाठी ड्रममध्ये उशी किंवा घोंगडी घालणं ही जगभरची रीत आहे. ती उशी मामींची होती, हा तपशील रीतीत येत नाही.

मग गिटार. चिन्मय गिटार चांगली वाजवतो आणि हीच त्याची अडचण. त्याला मामांनी दोनच कॉर्ड दिले: एक माप ए मायनर, एक माप डी मायनर, पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही पाचव्या फ्रेटवर बार धरून, म्हणजे हात फारसा हलत नाही. वाजवायच्या फक्त खालच्या तीन-चार बारीक तारा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, वरून खाली एकच छोटा फटका. याला म्हणतात चॉप. खरं काम डाव्या हाताचं. फटका बसताक्षणी बोटांचा दाब सोडायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. दाब सोडला की आवाज तुटतो. बोटं उचलली की मोकळ्या तारा झणझणतात आणि सगळं घाण होतं. चिन्मयचे चॉप सुरुवातीला रेंगाळायचे. मामा म्हणायचे, "अरे, कोथिंबीर चिरतोयस की पोळी लाटतोयस?"

जाड तारांना हात लावायचा नाही, कारण तो प्रांत मामांचा. चिन्मयनं एकदा मध्येच एक सुरेख फिरकी घेतली. मामांनी वाजवणं थांबवलं, चष्मा काढला, पुसला, घातला आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

माझ्या वाट्याला बबल आहे. उजवा हात गिटारच्या चॉपबरोबर, डावा हात त्याच्या अर्धी मात्रा आधी आणि अर्धी मात्रा नंतर. आवाज इतका बारीक ठेवायचा की मी आहे हे कळू नये, पण मी थांबलो तर काहीतरी गेलं असं वाटावं. सरकारी नोकरीत मी हेच करत होतो, त्यामुळे मला जड गेलं नाही.

आता रेगेतला खरा घोटाळा, आणि तो ओळखायची खूण. चिन्मयनं एकट्यानं चॉप सुरू केले आणि बाकीचे मागून शिरले, की गोट्या हमखास पहिला चॉप हीच पहिली मात्रा धरायचा. कान उलटा लागतो तो असा: जो आवाज आधी ऐकू येतो त्याला माणूस सम समजतो. म्हणजे गाण्याची दुसरी मात्रा ही गोट्याची पहिली, आणि त्याची तिसरी येऊन पडते गाण्याच्या चौथीवर. तिथे आधीच चॉप बसलेला. वाजवणाऱ्याला आपण चुकलोय हे कळत नाही, फक्त सगळं अचानक वरातीच्या बँडसारखं वाटायला लागतं. मामांची कसोटी सोपी आहे: चॉप आणि ड्रॉप कधीही एकमेकांना भेटत नाहीत. शांतता, चॉप, ड्रॉप, चॉप. गिटार आणि बेस ड्रम एकाच क्षणी ऐकू आले की कुणीतरी उलटलंय, थांबा. म्हणून आता गाणं सुरू करायच्या आधी गोट्या काठ्यांवर चार मोजतो, आणि चिन्मय दोनपासून सुरू करतो.

मोजण्यावरून एकदा फाटाफूटही झाली. चिन्मयच्या मेट्रोनोमवर 72 होतं, गोट्याच्या 144. दोघेही एकमेकांना अडाणी म्हणत होते. दोघांचंही बरोबर होतं. 72 नं मोजलं तर चॉप दोन मात्रांच्या मध्ये पडतो आणि ड्रॉप दोन आणि चारवर. 144 नं मोजलं तर आपण वर म्हटलं तसं. संगीत तेच. मामांनी निवाडा दिला की ज्याला जसं मोजायचं तसं मोजा, पण मनात.

बेस सगळ्यात शेवटी येतो, हे मामांनी ठरवूनच ठेवलेलं. टोनची खुंटी पूर्ण खाली, तारांखाली स्पंजचा तुकडा, आणि बोटं पुलाजवळ नाहीत तर मानेच्या टोकाशी, म्हणजे टणत्कार जाऊन नुसता गोल घुमार उरतो. पहिली मात्रा अर्थातच रिकामी. दोनवर ए, अर्ध्यावर परत ए, तीनवर सी, चारवर ई, आणि ई तिथेच दाबून बंद. पुढच्या मापात तेच डीवरून: डी, डी, एफ, ए. तीनचा सूर गोट्याच्या ड्रॉपवर इतका चपखल बसतो की दोन माणसं वाजवतायत हे कळत नाही. पहिला ए मोकळ्या तारेवर नाही, सगळ्यात जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर घ्यायचा. सूर तोच, सेकंदाला 55 कंपनांचा, पण अंग जास्त. जॅमरूमचं लोखंडी शटर त्याला साथ देतं.

मामांचं दैवत किंग्स्टनचं आहे. ॲस्टन बॅरेट, ज्यांना सगळे फॅमिली मॅन म्हणत, आणि त्यांचे ड्रमवाले भाऊ कार्लटन. बॉब मार्लेच्या वेलर्सचा हा पाया. मार्लेच्या 1979 च्या 'सर्व्हायव्हल' या अल्बममध्ये तर 'वन ड्रॉप' नावाचंच गाणं आहे. फॅमिली मॅननी आपली पहिली बेस म्हणे प्लायवूड आणि पडद्याच्या दांडीपासून घरीच बनवली होती. हे मामांनी घरी सांगितलं त्या दिवसापासून मामी पडद्यांवर लक्ष ठेवून आहेत. उशीचा अनुभव ताजा होता.

बेस एवढी खोल का, याचंही उत्तर मामांकडे आहे. किंग्स्टनमधल्या या रेकॉर्डी दिवाणखान्यासाठी बनलेल्या नव्हत्याच. मोकळ्या अंगणात, कपाटाएवढे स्पीकर रचून साउंड सिस्टीमवाले त्या वाजवायचे आणि लोक नाचायचे. ज्याची बेस छातीत लागेल त्याच्याकडे गर्दी. म्हणून मामा चिन्मयच्या मोबाइल रेकॉर्डिंगला हात लावत नाहीत. मोबाइलचा स्पीकर 55 कंपनांचा सूर काढूच शकत नाही. त्यात फक्त चॉप आणि 'टक्' ऐकू येतं, आणि ऐकणारा म्हणतो, हे काय भांडी घासल्यासारखं.

भिंतीचं मात्र उलटं असतं. तीतून बारीक आवाज अडतात आणि बेस आरपार जाते. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका एका रविवारी खाली आले. आम्हाला वाटलं तक्रार करणार. ते म्हणाले, "दोन महिने आम्ही नुसते हेच चार सूर ऐकतोय. त्यावर एखादं गाणंही आहे का?" मामांनी त्यांना खुर्ची दिली. पूर्ण वीस मिनिटं आम्ही दोन कॉर्ड वाजवले. काका जाताना मान डोलावत होते, आणि मामांनी नंतर समाधानानं सांगितलं की ती तिसऱ्या मात्रेवर डोलत होती.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात आमचा कार्यक्रम झाला तेव्हा मात्र सगळ्या प्रेक्षकांनी प्रेमानं, एकदिलानं एकवर टाळ्या धरल्या. मामांनी जपलेल्या मोकळ्या जागेत दोनशे माणसं बसली. गोट्याचा पाय हलला, 'धप्' परत आला, आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

येत्या कोजागिरीला पुन्हा कार्यक्रम आहे, प्रवेश मोफत, मसाला दूधही मिळेल. टाळ्या द्यायच्या असतील तर दोन आणि चारवर द्या. नाहीच जमलं तर दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसा.