नकार कसा कळवावा: नवागत अधिकाऱ्यांसाठी

चिंचपाड्याहून आलेला बांधकाम परवानगीचा अर्ज नाकारण्यापूर्वी, तो नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे पाहून घ्यावे. चिंचपाड्याला ग्रामपंचायत आहे, नगरपालिका नाही. जागा गावातलीच असेल तर ‘सदर जागा या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही’ एवढी ओळ पुरते. इतका निर्धोक नकार नोकरीत फार वेळा वाट्याला येत नाही.

समजा, अर्जदार राहतो चिंचपाड्याला, पण प्लॉट आपल्या नवापूर शहराच्या हद्दीत आहे आणि तोही रेल्वेलगत. म्हणजे आता पत्र लिहिणे आले.

तरी घाई नको. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत काहीच कळवले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून अनुभवी माणूस अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र धाडतो. अर्जदाराचे उत्तर आल्यापासून साठ दिवस पुन्हा मोजायला सुरुवात होते. एखादा हुशार अर्जदार त्रुटीची पूर्तता दुसऱ्याच दिवशी करतो आणि पोच घेऊन जातो, त्याला इलाज नाही. मात्र मानीव परवानगी मिळाली म्हणून त्याने पेढे वाटले तर वाटू द्यावेत. नकाशा नियमांत तंतोतंत बसत नसेल, तर ती मानीव परवानगी टिकत नाही, आणि हे त्याला बहुधा पाया खोदून झाल्यावर कळते.

आता मसुदा. खरी इच्छा असते ‘प्रस्ताव नियमानुसार नसल्याने नामंजूर’ एवढेच लिहून चहाला जाण्याची. पण नकाराची कारणे द्यावीत असे तेच कलम सांगते, आणि मोघम कारण अपिलात पहिल्यांदा अंगाशी येते. तेव्हा नाइलाजाने असे लिहावे:

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, (१) प्रस्तावित बांधकाम रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत येत असून रेल्वेचा ना-हरकत दाखला जोडलेला नाही. (२) नकाशात पोचरस्ता ९ मीटर दर्शविला आहे. स्थळ पाहणीत तो ६ मीटर आढळला. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.’

अर्जदाराच्या डोळ्यांना दोन्ही कारणे सारखीच दिसतात. ती तशी नाहीत, पण त्याला हे आपण होऊन सांगण्याची कार्यालयात पद्धत नाही. पहिले कारण कागदाचे आहे. दाखला नव्हता हे खरेच असेल, तर मंत्रालयात जाऊनही तो उगवणार नाही. दाखला मिळवून नव्याने अर्ज करणे हाच त्यावर उपाय. दुसरे कारण मापाचे आहे, आणि वाद घालायला जागा आहे ती तिथेच. रस्ता आपल्या कनिष्ठ अभियंत्याने टेपने मोजला की पावलांनी? टपरी आणि कुंपण वगळून मोजला का? अर्जदाराने भूमी अभिलेखाच्या मोजणीची ‘क’ प्रत आणली आणि तिच्यात रस्ता ९ मीटर निघाला, तर आपल्या पाहणीच्या टिपणाची किंमत त्या टिपणाच्या कागदाएवढीच उरते. म्हणून पाहणी अहवालावर तारीख, मोजण्याची जागा आणि सही असलेली बरी. पुष्कळ अहवालांत यातले एखादेच असते.

शेवटची ओळ अपिलाची. ती लहान टायपात, सहीच्या खाली सरकवण्याची प्रथा आहे. मजकूर मात्र पूर्ण असावा. कलम ४७ खाली, आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत, राज्य शासनाकडे किंवा त्याने नेमलेल्या, उपसचिवापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडे. दिवस आपल्या जावक क्रमांकापासून मोजायचे नाहीत, पत्र अर्जदाराच्या हाती पडल्यापासून मोजायचे. म्हणून जावक झालेले पत्र आठवडाभर टेबलावर ठेवून काहीच साधत नाही. अर्जदार शहाणा असेल तर टपालाचे पाकीटही जपून ठेवतो.

दाखला आणि माप अशी दोन्ही झेंगटे असतील तर असा अर्जदार दोन्ही वाटा एकदम धरतो: इकडे रेल्वेकडे अर्ज, तिकडे अपील. त्यात नकाराची प्रत, नाकारलेला नकाशा, ‘क’ प्रत आणि आपल्या एकेका कारणाला एकेक उत्तर. घराण्याचा इतिहास आणि मुलाच्या लग्नाची तारीख जोडणारेही असतात. त्यांचे अपील जाड होते, भक्कम होत नाही. अपील केले म्हणून कोणी वीटकाम सुरू केले तर कलम ५३ ची नोटीस हाताशी असतेच, कारण अपील दाखल होणे म्हणजे परवानगी नव्हे.

एक गोष्ट नवागतांना उशिरा कळते. अपिलात दोन्ही बाजूंना म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे आपल्यालाही फाइल काखोटीला मारून मुंबईला जाणे आले. नवापूरहून रेल्वेने मंत्रालय गाठायचे तर वाट सुरतेवरून, म्हणजे गुजरातेतून जाते. नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग आधीच त्या राज्यात आहे, त्यामुळे सीमा ओलांडायला गाडीत बसावेही लागत नाही. त्याच गाडीत अर्जदारही असण्याचा संभव असतो, आणि रस्ता नक्की कुठून मोजला हे विचारायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो.